गाव ते डेअरी: दूध संकलनाचा मार्ग, गावातील बल्क कूलर आणि दुधाची प्रत

या पाठात आपण एकच प्रश्न घेणार आहोत. गाईची किंवा म्हशीची धार काढल्यापासून ते दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होईपर्यंत किती वेळ जातो, आणि तो वेळ कोण ठरवते? डेअरीच्या कारखान्यात पाश्चरीकरण, होमोजिनायझेशन, पॅकिंग यांसाठी कितीही चांगली यंत्रे बसवली तरी दुधाची प्रत त्यापूर्वीच्या या काही तासांत ठरून गेलेली असते. या पाठासाठी पहिल्या वर्षाचे उष्णतेचे गणित पुरेसे आहे.

१. रचना थोडक्यात

आपल्या देशातील बहुतेक सहकारी दूध व्यवसाय आणंदच्या नमुन्यावर उभा आहे. १९४६ मध्ये गुजरातमधील खेडा जिल्ह्यात सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. त्याच्याच धर्तीवर पुढे देशभर तीन पायऱ्यांची रचना झाली: गावात दूध उत्पादकांची संस्था, जिल्ह्यात दूध संघ आणि राज्यात महासंघ. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा संघ १९६३ मध्ये स्थापन झाला, तोही याच पद्धतीचा.

या रचनेतील अभियांत्रिकीची अडचण लक्षात घ्या. दूध एका मोठ्या गोठ्यात तयार होत नाही. दोन-चार जनावरे असलेल्या शेकडो घरांतून प्रत्येकी पाच-दहा लिटर दूध, दिवसातून दोन वेळा, किटलीतून संस्थेत येते. संघाचा कारखाना मात्र एकाच ठिकाणी, तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक किलोमीटर दूर असतो. थोडे थोडे दूध गोळा करत जायला वेळ लागतो, आणि गरम दुधाला वेळ सोसत नाही.

२. दुधाला किती वेळ मिळतो?

कासेतून बाहेर पडताना दूध जनावराच्या शरीराइतके, म्हणजे ३७-३८ अंशांचे असते. निरोगी जनावराच्या दुधात त्या क्षणी जिवाणू फार थोडे असतात. बाकीचे सडांवरून, हातांवरून, बादलीतून, गाळायच्या फडक्यातून आणि कॅनमधून येतात. ताज्या दुधात जिवाणूंची वाढ रोखणारे काही नैसर्गिक घटक असतात. शिवाय नव्या माध्यमात रुळायला जिवाणूंनाही थोडा अवधी लागतो. त्यामुळे स्वच्छ दुधात साधारण पहिले दोन तास संख्या फारशी वाढत नाही. या काळाला आपण या पाठापुरते ‘सवलतीचा काळ’ म्हणू.

सवलत संपली की वाढ भूमितीय श्रेणीने होते. ३० अंशांच्या आसपास संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते असे धरू. १० अंशांखाली दुप्पट व्हायला काही तास लागतात आणि ४ अंशांवर दूध आंबवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबते. हे जिवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाची आम्लता ०.१४ टक्क्यांच्या आसपास असते. ती ०.२ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की दूध उकळताना फाटू लागते. असे दूध पाश्चरीकरणाच्या यंत्रात सोडले तर तापलेल्या पत्र्यांवर चोथा बसतो. म्हणून ते डेअरीच्या डॉकवरच वेगळे काढावे लागते. उत्पादकाला त्याचा दर फार कमी मिळतो, किंवा मिळतच नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आंबट वास किंवा चव येईपर्यंत दुधात प्रति मिलिलिटर सुमारे एक कोटी जिवाणू झालेले असतात. नाकाला समजते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

३. कॅनचा मार्ग: एक उदाहरण

आता जुनी पद्धत आकड्यांसह पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण वेळा प्रत्यक्षातल्यासारख्या आहेत. एका मार्गावर आठ गावे आहेत. संघाचा ट्रक सकाळी ६ वाजता रिकामा निघतो, सर्वांत लांबच्या गावी ७ वाजता पोहोचतो आणि परतीच्या वाटेवर कॅन उचलत येतो. प्रत्येक कॅन ४० लिटरचा. दोन गावांमधील प्रवास आणि कॅन चढवणे मिळून वीस मिनिटे लागतात. त्यामुळे आठव्या गावी ट्रक ९.२० वाजता येतो आणि डेअरीत ९.४५ वाजता. डॉकवर रांग असते. आपले कॅन ओतले जाऊन दूध थंड होऊ लागते तेव्हा १०.१५ वाजलेले असतात.

पहिल्या गावात धार ५.४५ वाजता काढली असेल तर ते दूध साडेचार तास गरम राहिले. भरलेला ४० लिटरचा कॅन प्रवासात फारसा थंड होत नाही. उन्हाळ्यात ट्रकच्या उघड्या हौद्यात तो उलट तापतो. सुरुवातीला प्रति मिलिलिटर ५०,००० जिवाणू होते असे धरा. दोन तास सवलतीचे वजा केले तर वाढीला अडीच तास मिळाले, म्हणजे पाच वेळा दुप्पट. ५०,००० ला ३२ ने गुणा: १६ लाख.

आठव्या गावातील दुधाची धार ७.३० वाजता काढली असेल, तर डेअरीत ते पावणेतीन तासांचे असेल. सवलत वजा जाता पाऊण तास, म्हणजे दीड वेळा दुप्पट. संख्या सुमारे १.४ लाख. दोन्ही गावांतील गोठे सारखेच स्वच्छ आणि माणसे सारखीच काळजी घेणारी असूनही डेअरीच्या दारात एकाचे दूध दुसऱ्याच्या दुधापेक्षा अकरा पटीने वाईट ठरते. फरक फक्त वेळापत्रकातील जागेचा आहे.

आता ट्रकचे चाक पंक्चर झाले आणि एक तास गेला असे समजा. एक तास म्हणजे आणखी दोन वेळा दुप्पट. पहिल्या गावाचे १६ लाख आता ६४ लाख होतात. त्याच गावातील एखादा कॅन आदल्या दिवशी नीट धुतला नसेल, तर त्याच्या कडेला चिकटलेल्या दुधात जिवाणू रात्रभर वाढत असतात. त्यांना रुळायला वेळ लागत नाही, म्हणजे त्या कॅनला सवलतीचा काळ मिळतच नाही. असा कॅन एक तासाच्या उशिरात सहज कोटीच्या पुढे जातो आणि डॉकवर फाटतो.

या उदाहरणातील एक गृहीत तपासून पाहा. आठव्या गावात धार ७.३० वाजता निघेल असे आपण धरले. पण सगळ्याच गावांत जनावरे साधारण एकाच वेळी पिळली जातात. आठव्या गावातील लोकांनीही ६ वाजता दूध संस्थेत आणून घातले, तर ते ९.२० पर्यंत संस्थेच्या ओसरीवर कॅनमध्ये गरमच बसते. मग ट्रकवर फक्त पंचवीस मिनिटे राहूनही त्याचे वय पहिल्या गावातील दुधाइतकेच होते. म्हणून मार्गाची आखणी करताना नकाशावरील किलोमीटर मोजणे पुरत नाही. प्रत्येक संस्थेचे संकलन ट्रक येण्याच्या थोडेच आधी संपेल अशी वेळ बांधून द्यावी लागते, आणि ट्रकने ती पाळावी लागते. ट्रक रोज अर्धा तास उशिरा येऊ लागला की लोक आपोआप उशिरा येतात. पण तो एखाद्याच दिवशी उशिरा आला, तर नुकसान गावाचे होते.

अशा मार्गांवर आणखी एक प्रकार घडतो. दूध फाटेल या भीतीने कोणीतरी कॅनमध्ये चिमूटभर सोडा टाकतो, म्हणजे आम्लता मारली जाते, किंवा बर्फ टाकतो. सोड्याने आम्लता लपते, जिवाणू तसेच राहतात. बर्फाने दुधात पाणी जाते. दोन्ही भेसळच आहेत. परंतु असे प्रकार एखाद्या मार्गावर वारंवार सापडू लागले, तर फक्त माणसांना दोष देऊन थांबू नका. त्या मार्गाचे वेळापत्रकही काढून बघा.

४. थंडी गावात नेणे

यावर पहिला उपाय म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी शीतकरण केंद्र. तेथे कॅन रिकामे करून दूध प्लेट चिलरमधून काढतात, ४ अंशांवर मोठ्या टाकीत साठवतात आणि टँकरने डेअरीला पाठवतात. यामुळे कॅनचा मार्ग आखूड होतो, पण नाहीसा होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे बल्क कूलर. ५०० पासून ५,००० लिटरपर्यंतची स्टेनलेस स्टीलची दुहेरी भिंतीची टाकी, दोन भिंतींमध्ये इन्सुलेशनचा फोम, तळाशी रेफ्रिजरंट फिरणारा बाष्पक, वर दूध ढवळणारा अ‍ॅजिटेटर आणि शेजारी कॉम्प्रेसर व कंडेन्सर. ही टाकी गावातील संस्थेतच बसवतात. मग उत्पादकाच्या किटलीतील दूध तपासून, मोजून, गाळणीतून थेट या टाकीत जाते. आजूबाजूच्या लहान वाड्या-वस्त्यांचे कॅनही अर्ध्या-पाऊण तासात येथे पोहोचू शकतात. धार ते टाकी हे अंतर दोन तासांच्या आत बसले, तर सवलतीचा काळ संपण्यापूर्वी दूध थंड होऊ लागते. गावागावांचे गट पाडताना हाच निकष वापरायचा.

आता टाकीचे गणित करू. क्षमता २,००० लिटर. संध्याकाळी १,००० लिटर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १,००० लिटर दूध येते. दोन्ही वेळा संकलन ६ ते ८ असे दोन तास चालते. संस्थेत येईपर्यंत दूध ३३ अंशांवर आलेले असते. दुधाची घनता १.०३ किलो प्रति लिटर आणि विशिष्ट उष्मा ३.९३ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरू.

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील फरक
= १,०३० × ३.९३ × (३३ − ४)
= सुमारे १,१७,४०० किलोज्यूल

एका वेळचे दूध संकलन सुरू झाल्यापासून तीन तासांत ४ अंशांवर आणायचे असेल तर ही उष्णता १०,८०० सेकंदांत काढावी लागेल. म्हणजे सुमारे १०.९ किलोवॅट शीतकरण क्षमता, किंवा जवळपास ३ रेफ्रिजरेशन टन. ही कॉम्प्रेसरची विजेची मागणी नव्हे, तर दुधातून उष्णता काढण्याचा दर आहे. कार्यगुणांक २.५ धरला तर कॉम्प्रेसरला सुमारे ४.३ किलोवॅट वीज लागेल.

पण दूध एकदम येत नाही, दोन तासांत हळूहळू येते. त्या दोन तासांत १,१७,४०० किलोज्यूल उष्णता टाकीत शिरते, म्हणजे १६.३ किलोवॅट दराने. यंत्र काढते १०.९ किलोवॅट. उरलेली ५.४ किलोवॅट दोन तास साठत जाते: सुमारे ३९,००० किलोज्यूल. संध्याकाळी टाकी रिकामी होती, म्हणून ही उष्णता १,०३० किलो दुधात राहते आणि संकलन संपताना दूध १४ अंशांच्या आसपास असते. आणखी एका तासाने, ९ वाजता, ते ४ अंशांवर येते. (अगदी सुरुवातीला, अ‍ॅजिटेटरचे पाते दुधात बुडेपर्यंत, कॉम्प्रेसर चालू करत नाहीत. नाहीतर तळाशी दूध गोठते.)

सकाळी तीच शिल्लक उष्णता आधीच्या थंड दुधासह एकूण २,०६० किलो दुधात वाटली जाते. म्हणून ८ वाजता टाकीचे तापमान ४ ऐवजी सुमारे ८.८ अंश होते आणि ९ वाजता पुन्हा ४. दुसऱ्या वेळचे दूध मिसळताना टाकीचे तापमान १० अंशांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, आणि आपली टाकी त्यात जेमतेम बसते. आता समजा, संस्थेचे सभासद वाढले आणि त्याच दोन तासांत १,३०० लिटर येऊ लागले. टाकी मोठी घेतली तरी कॉम्प्रेसर तोच आहे. मग तापमान १० च्या पुढे जाते आणि आदल्या संध्याकाळचे चांगले दूधही त्यात सापडते. टाकीची खरी मर्यादा लिटरमध्ये जितकी असते तितकीच ती किलोवॅटमध्येही असते.

५. वीज गेली तर

सर्वसाधारण समज असा की वीज गेली की टाकीतील दूध तापून खराब होईल. ४ अंशांवर आलेले, इन्सुलेशनमध्ये असलेले दोन हजार लिटर दूध काही तासांत फार तापत नाही. रात्री दोन वाजता वीज जाणे त्रासदायक आहे, पण झाकण बंद ठेवले तर त्याने लगेच नुकसान होत नाही.

संकलनाच्या दोन तासांत वीज जाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. सकाळी ६ ते ८ वीज नसेल आणि तरीही १,००० लिटर गरम दूध टाकीत ओतले, तर ४ आणि ३३ यांची सरासरी १८.५ अंश येते. म्हणजे ताजे दूध नीट थंड झाले नाहीच, शिवाय रात्रभर जपलेले दूधही तापले. म्हणून बल्क कूलरसोबत जनरेटर असावाच लागतो. तो संकलनाच्या वेळी लगेच चालू होतो की नाही आणि त्यात डिझेल आहे की नाही, हे रोज संकलन सुरू करण्यापूर्वी पाहण्याची सवय संस्थेला लावावी लागते.

जेथे भारनियमनाच्या वेळा ठरलेल्या असतात तेथे दुसरा मार्ग आहे. वीज असताना बर्फाचा साठा करून ठेवायचा आणि संकलनाच्या वेळी त्याच्या थंड पाण्याने दूध थंड करायचे. बर्फ वितळताना प्रति किलो ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. आपल्या १,००० लिटरसाठी १,१७,४०० ला ३३४ ने भागा: सुमारे ३५० किलो बर्फ. हे थंड पाणी प्लेट चिलरमधून फिरवले, तर दूध टाकीत शिरण्यापूर्वीच थंड होते आणि आधीचे दूध तापण्याचा प्रश्नच राहत नाही.

६. टँकरचे वेळापत्रक उलटे होते

कॅनच्या मार्गावर ट्रक उशिरा येण्याची भीती होती. बल्क कूलरच्या मार्गावर टँकर लवकर येण्याची भीती असते. वरच्या गणितानुसार सकाळी ८ वाजता दूध ८.८ अंशांवर आहे. तेव्हाच टँकरने ते उचलले तर ते तसेच अर्धवट थंड राहील. टँकरला इन्सुलेशन असते, शीतकरण यंत्र नसते. तो थंडी फक्त टिकवतो. म्हणून पहिल्या टाकीवर टँकर ९ च्या आधी जाता कामा नये. दुसऱ्या बाजूने, संध्याकाळी ६ वाजता नवे दूध येण्यापूर्वी प्रत्येक टाकी रिकामी होऊन धुतली गेली पाहिजे.

१०,००० लिटरच्या टँकरला आपल्यासारख्या पाच टाक्या लागतात. एका टाकीवर तपासणी, मोजपट्टीवरील नोंद, नमुना घेणे आणि पंपाने दूध चढवणे यांना चाळीस मिनिटे, आणि पुढच्या गावाला वीस मिनिटे धरली तर ९ ला सुरू झालेली फेरी दुपारी २ पर्यंत संपते. रिकाम्या टाक्या धुवायला पुरेसा वेळ उरतो. दूध थंड असल्याने पहिल्या आणि शेवटच्या गावात आता जवळजवळ फरक राहत नाही.

मात्र येथे नवा धोका निर्माण होतो, तो मिसळण्याचा. चार टाक्यांमध्ये प्रति मिलिलिटर १ लाख जिवाणू आहेत आणि पाचवीत ५० लाख. सर्व टाक्या सारख्या भरलेल्या असतील तर टँकरची सरासरी (४ + ५०) ÷ ५, म्हणजे १०.८ लाख येते. चार चांगल्या गावांचे दूध एका टाकीमुळे दहा पटींहून अधिक बिघडले. म्हणून टँकरचालकासोबतच्या माणसाने प्रत्येक टाकीचे झाकण उघडून वास घ्यायचा, तापमान बघायचे आणि दूध चढवण्यापूर्वी त्या टाकीचा वेगळा नमुना बाटलीत घ्यायचा. शंका असेल तर ती टाकी चढवायची नाही. कॅनच्या काळात खराब दूध ४० लिटरपुरते मर्यादित राहत असे. आता ही तपासणी चुकली तर दहा हजार लिटर पणाला लागते.

हीच गोष्ट एका टाकीच्या आतही घडते. ८ लिटरची एक आंबूस किटली टाकीत गेली की ती कोणाची होती हे नंतर कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. दुधाच्या प्रतीवर संघाने अधिक दर दिला, तर तो संपूर्ण टाकीला मिळतो किंवा संपूर्ण टाकीचा जातो. म्हणून संस्थेच्या दारात किटली ओतण्यापूर्वी वास घेणे आणि शंका आल्यास अल्कोहोल चाचणी किंवा उकळून पाहण्याची चाचणी करणे ही गावातील सर्वांच्या पैशांची राखण आहे. अल्कोहोल चाचणीत दूध आणि ठरावीक तीव्रतेचे अल्कोहोल समप्रमाणात मिसळतात. कण दिसले तर ते दूध तापवताना टिकणार नाही असे समजतात.

७. बिघाड कोठे झाला हे कसे ओळखायचे?

डेअरीत प्रत्येक टाकीच्या नमुन्यावर मिथिलिन ब्लू चाचणी करतात. १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर निळ्या रंगाचे द्रावण घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. भारतीय मानकांनुसार ५ तास किंवा अधिक टिकला तर दूध उत्तम, ३ ते ४ तास चांगले, १ ते २ तास बेताचे आणि अर्ध्या तासातच उडाला तर वाईट. या निकालाची तापमानाशी सांगड घातली की कारण शोधता येते.

समजा, एका टाकीचे दूध ४ अंशांवर आले, पण रंग एका तासात उडाला. थर्मामीटर पाहून सगळे ठीक वाटेल, पण दूध बिघडलेले आहे. थंडी जिवाणू मारत नाही, फक्त त्यांची वाढ रोखते. म्हणजे दूध थंड होण्यापूर्वीच बिघडले होते: संकलनाच्या वेळी वीज गेली असेल, लांबच्या वस्तीचे कॅन उशिरा येत असतील, किंवा टाकीचा बाहेर काढण्याचा नळ आणि गाळणी नीट धुतली जात नसेल. अशा वेळी टाकीच्या तापमानाची वही उघडा आणि संकलन संपल्यावर १० अंशांखाली यायला किती वेळ लागला ते पाहा. ती वेळ रोज एक तासाच्या आत असेल तर दोष स्वच्छतेचा किंवा टाकीपूर्वीच्या वाटेचा आहे. ती हळूहळू वाढत गेली असेल तर कंडेन्सरवर धूळ बसली आहे, रेफ्रिजरंट कमी झाला आहे, किंवा दूध टाकीच्या क्षमतेपेक्षा वाढले आहे.

उलट, दूध ९ अंशांवर आले पण रंग पाच तास टिकला, तर दूध चांगले आहे आणि बिघाड अलीकडचा आहे. टँकर बहुधा फार लवकर गेला.

या चाचणीची एक मर्यादा आहे. थंडीतही हळूहळू वाढणारे काही जिवाणू असतात. स्यूडोमोनास हे त्यांतील नेहमीचे नाव. ते रंग उडवण्यात मंद असतात, म्हणून दोन-तीन दिवस थंड ठेवलेले दूध या चाचणीत आहे त्यापेक्षा चांगले दिसू शकते. पाश्चरीकरणात हे जिवाणू मरतात, पण त्यांनी सोडलेली चरबी आणि प्रथिने तोडणारी काही विकरे त्या उष्णतेलाही टिकतात. पुढे त्यामुळे दुधाला खवट किंवा कडवट चव येते. म्हणून इंधन वाचवण्यासाठी टँकर रोजऐवजी एक दिवसाआड पाठवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी सर्वांत जुने दूध किती तासांचे होईल याचा हिशेब करावा लागतो. आपल्या उदाहरणात टँकर रोज आला तर पाचव्या टाकीतील सर्वांत जुने दूध दुपारी सुमारे वीस तासांचे असते. एक दिवसाआड आला तर ते चव्वेचाळीस तासांचे होते, शिवाय टाकीही दुप्पट मोठी घ्यावी लागते.

स्वाध्याय

१. वरीलच कॉम्प्रेसर असलेल्या, पण मोठ्या टाकीत सकाळी दोन तासांत १,३०० लिटर दूध आले. शीतकरण क्षमता १०.९ किलोवॅट आणि टाकीत आधीचे १,००० लिटर ४ अंशांवर आहे. संकलन संपताना तापमान किती असेल? ते पुन्हा ४ अंशांवर यायला आणखी किती वेळ लागेल?

२. त्याच दिवशी संकलनाची वेळ दोनऐवजी तीन तास केली तर काय बदलेल? यंत्र न बदलता मिळणाऱ्या या फायद्याची किंमत उत्पादकाच्या घरी कशी मोजली जाईल?

३. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या दूध संस्थेत जा. धार काढण्याची वेळ, टाकीत ओतण्याची वेळ, १० अंशांखाली येण्याची वेळ आणि टँकर येण्याची वेळ अशा चार नोंदी सलग तीन दिवस करा. सर्वांत जास्त वेळ कोणत्या टप्प्यात जातो ते लिहा आणि तो कमी करण्याचा एक उपाय आकड्यांसह सुचवा.